पुसट, तिरक्या स्कॅनमधून तक्ता वाचून काढताना: आधी काय, नंतर काय

प्रश्न: जुन्या अहवालातल्या एका पानाचा स्कॅन पीडीएफमध्ये मिळालाय, मूळ कागद आता हाती नाही. तक्त्यात २४ ओळी आणि ७ रकाने आहेत. स्कॅन पुसट आणि थोडा तिरका आहे, डाव्या बाजूला बायंडिंगची सावली आहे. ओसीआर केलं की ओळी एकमेकींत मिसळतात आणि 3 चे 8 होतात. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला तर आणखी बिघडलं. चित्र मोठं करून मग काढावं का? नक्की कोणत्या क्रमाने काय करायचं?

उत्तर:

पीडीएफ स्क्रीनवर उघडून तिथून चित्र कापून घेतलं असेल तर ते आधी बाजूला ठेवा. स्क्रीनवर दिसतं ते दर्शकाने स्वतःच्या सोयीने लहान-मोठं केलेलं असतं, म्हणजे काम सुरू करायच्या आधीच एकदा पिक्सेल पुसले गेलेले असतात. पीडीएफच्या पोटात जे चित्र साठवलंय तेच जसंच्या तसं बाहेर काढा:

```
pdfimages -list ahaval.pdf
pdfimages -all -f 1 -l 1 ahaval.pdf pan
```

पहिल्या आज्ञेचं उत्तर नीट वाचा. `x-ppi` खाली खरं रिझोल्यूशन दिसतं, `enc` खाली कोणत्या पद्धतीने चित्र दाबलंय ते दिसतं. कधीकधी एकाच पानासाठी दोन चित्रं सापडतात: मागचा कागद कमी रिझोल्यूशनमध्ये आणि अक्षरांचा थर वेगळा, त्याहून बारीक. असं निघालं तर तुमचं नशीब उघडलं, कारण तो अक्षरांचा थर घेऊन निम्मं काम तिथेच होतं.

`enc` खाली `jbig2` दिसलं तर मात्र सावध व्हा. या पद्धतीच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या खुणा एकच समजून एकीच्या जागी दुसरी छापली जाते. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या काही यंत्रांमध्ये यामुळे 6 च्या जागी 8 येत असल्याचं दाखवून दिलं होतं. इमारतीच्या नकाशावरची खोल्यांची मापं बदललेली सापडली होती. तिथे अंक पुसट नसतो, स्वच्छ आणि ठळक असतो, फक्त चुकीचा असतो. तसं झालं असेल तर पुढची कोणतीही सफाई उपयोगाची नाही. उत्तराच्या शेवटी सांगितलेली बेरजेची तपासणी तेवढी हाताशी राहते.

तुमच्या वर्णनावरून तुमचं चित्र जेपीईजी असावं. अगदी तुमच्यासारखंच एक पान मी मध्यंतरी सोडवलं होतं, त्याचेच आकडे घेऊन सांगतो. ए४ पान, १०० डीपीआय, म्हणजे ८२७ × ११६९ पिक्सेल. छपाई १० पॉइंटची. १०० डीपीआयला १० पॉइंट म्हणजे सुमारे १४ पिक्सेल, आणि अंकाची उंची त्याच्या साधारण ७० टक्के, म्हणजे ९-१० पिक्सेल. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला अंक २० ते ३० पिक्सेल उंच असला की वाचायला सोपं जातं, त्यामुळे तिप्पट मोठं करणं भाग आहे हे लगेच कळतं. पण मोठं करणं ही पहिली पायरी नाही.

कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर बिघडलं ते का, हे आधी समजून घेऊ. माझ्या पानावर उजवीकडे कागदाची छटा २२५ होती आणि शाईची १६०. डावीकडे सावलीत कागद १५० आणि शाई ९५. (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं.) आता पाहा, उजवीकडची शाई डावीकडच्या कागदापेक्षा उजळ आहे. सगळ्या पानाला एकच मोजपट्टी लावून 'याखालचं काळं, यावरचं पांढरं' ठरवायला गेलात तर अशी सीमाच सापडत नाही. १५५ वर कापलंत तर सावलीतला कागद काळा होतो आणि उजवीकडचे अंक गळून जातात. कॉन्ट्रास्टची पट्टी सरकवणं म्हणजे हीच सीमा थोडी मऊ करून ओढणं.

पिक्सेलची छटा म्हणजे तिथे पडलेला उजेड गुणिले कागदाने परतवलेला भाग. सावली गुणाकारात शिरलेली असते, त्यामुळे ती भागाकारानेच निघते. शाई नसती तर पान कसं दिसलं असतं त्याचा अंदाज घ्यायचा आणि मूळ चित्राला त्याने भागायचं:

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("pan-000.jpg", cv2.IMREAD_GRAYSCALE)
bg = cv2.dilate(g, np.ones((7, 7), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 21)
n = cv2.divide(g, bg, scale=255)
```

`dilate` प्रत्येक ठिकाणी आसपासच्या ७ × ७ पिक्सेलमधली सर्वांत उजळ छटा उचलतं. अंकाची रेष इथे एक-दोन पिक्सेल जाड आहे, त्यामुळे ती पूर्ण बुजते आणि मागे फक्त कागद उरतो. भागाकारानंतर कागद दोन्हीकडे २५५ च्या जवळ येतो, डावीकडची शाई १६२ आणि उजवीकडची १८१ होते. आता २१५ च्या आसपासची एकच सीमा पूर्ण पानाला चालते. नंतर हवं तर १४० ते २४० हा पट्टा ताणून ० ते २५५ करा, पण त्याहून कडक ताणू नका. अंकाच्या कडेचे करडे पिक्सेल हे मळ वाटले तरी ९ पिक्सेलच्या अंकाचा बराचसा आकार त्या करड्या छटांमध्येच साठवलेला असतो. रेषेने अर्धा पिक्सेल व्यापला तर तो अर्धा काळा दिसतो, आणि पुढे चित्र मोठं करताना कड नेमकी कुठे होती हे त्यावरूनच ठरतं.

म्हणूनच काळं-पांढरं करणं अगदी शेवटी ठेवायचं. मला दाखवायला आणलेल्या बिघडलेल्या कामांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा हीच चूक दिसते: आधी थ्रेशोल्ड, मग फिरवणं, मग मोठं करणं. १०० डीपीआयला काळं-पांढरं केलं की 3 ची डावी बाजू एका पिक्सेलवर येऊन ठेपते, तो पिक्सेल इकडचा तिकडे झाला की 8. नंतर तिप्पट केलंत तर तुम्ही चुकीचा 8 मोठा करता.

कॉन्ट्रास्टसाठी सीएलएएचई वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात. फोटोसाठी ते चांगलं आहे. जेपीईजी तक्त्यासाठी मी टाळतो, कारण ते प्रत्येक तुकड्यात जी काही चढउतार असेल ती वाढवतं, आणि कोऱ्या घरात चढउतार असते ती फक्त जेपीईजीच्या मळाची. जेपीईजी चित्र ८ × ८ च्या चौकोनांत दाबतं. तुमचा एक अंक साधारण एका चौकोनाएवढा आहे, त्यामुळे त्याच्याभोवती फिकट लहरी उमटलेल्या असतात. सीएलएएचई किंवा शार्पन लावलं की त्या लहरी गडद होतात, आणि रिकाम्या घरांत ओसीआरला टिंबं नि एकं दिसायला लागतात. तुमच्या निकालात रिकाम्या जागी `1` किंवा `.` येत असतील तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे.

आता तिरकेपणा. तो डोळ्याला किरकोळ वाटतो, पण ओळी मिसळण्याचं मूळ तिथेच आहे. माझं पान १.५ अंशांनी कललेलं होतं. तक्त्याची रुंदी ७६० पिक्सेल. इतक्या अंतरात १.५ अंशांनी ओळ २० पिक्सेल वर किंवा खाली जाते, आणि दोन ओळींमधलं अंतर होतं २१ पिक्सेल. म्हणजे पाचव्या ओळीचं डावं टोक आणि तिच्या शेजारच्या ओळीचं उजवं टोक जवळपास एका पातळीवर. आडवी पट्टी धरून वाचणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामने एका ओळीचं नाव दुसऱ्या ओळीच्या बेरजेला जोडलं तर नवल नाही.

कोन शोधायला तक्त्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटलेली रीत अशी: चित्र वेगवेगळ्या कोनांतून फिरवून पाहायचं आणि प्रत्येक वेळी प्रत्येक आडव्या रांगेतल्या शाईची बेरीज करायची. ओळी सरळ झाल्या की बेरजेत खूप शाई, अजिबात नाही, पुन्हा खूप, असे तीव्र चढउतार येतात. तिरकं असताना सगळं एकमेकांत मिसळून सपाट होतं. चढउतार सर्वांत तीव्र जिथे, तो कोन आपला.

```python
inv = 255 - n
h, w = inv.shape
def dhar(a):
    M = cv2.getRotationMatrix2D((w/2, h/2), a, 1)
    p = cv2.warpAffine(inv, M, (w, h)).sum(axis=1, dtype=np.float64)
    return (np.diff(p) ** 2).sum()
kon = max(np.arange(-4, 4.01, 0.1), key=dhar)
```

यात फसायच्या दोन जागा आहेत. पानाच्या कडेला स्कॅनरच्या झाकणाची काळी पट्टी आली असेल तर ती या हिशेबात सगळ्यांवर भारी पडते आणि पानाचा नव्हे, पट्टीचा कोन मिळतो. म्हणून आधी चित्र तक्त्यापुरतं कापा. दुसरी जागा म्हणजे उत्तर बरोबर ० येणं. शून्य अंशाला चित्र फिरतच नाही, त्यामुळे ते जराही मऊ होत नाही आणि त्याला फुकटचे गुण मिळतात. कललेलं पान डोळ्यांना दिसत असताना शून्य आलं तर -०.१ आणि ०.१ चे गुणही छापून पाहा. शून्य एकटंच सुळक्यासारखं वर असेल तर ते खोटं आहे.

आणि डाव्या निम्म्या भागाचा कोन वेगळा, उजव्याचा वेगळा काढून पाहा. माझ्या पानात उजवीकडे १.५ आणि बायंडिंगजवळ २.३ निघाले, कारण कागद तिथे वळला होता. अशा वाकाला एक कोन पुरत नाही. तक्त्याला छापील रेघा असतील तर मी पूर्ण पान सपाट करायच्या फंदात पडत नाही. मोठ्या भागाच्या कोनाने फिरवतो आणि पुढे प्रत्येक घर त्याच्या स्वतःच्या चार कोपऱ्यांवरून कापतो. रेघा नसतील तर पान उभ्या पट्ट्यांमध्ये कापून प्रत्येक पट्टी वेगळी सरळ करावी लागते. ते काम कंटाळवाणं आहे, पण होतं.

कोन मिळाला की फिरवणं आणि मोठं करणं एकाच झटक्यात करा. प्रत्येक वेळी चित्र फिरवलं किंवा ताणलं की नवे पिक्सेल जुन्या पिक्सेलच्या सरासरीतून बनतात, म्हणजे प्रत्येक वेळी थोडी धार जाते. ९ पिक्सेलच्या अंकाला हे दोनदा सोसत नाही.

```python
s = 3
M = cv2.getRotationMatrix2D((w/2, h/2), kon, s)
M[0, 2] += (s - 1) * w / 2
M[1, 2] += (s - 1) * h / 2
big = cv2.warpAffine(n, M, (w*s, h*s),
                     flags=cv2.INTER_CUBIC, borderValue=255)
```

मधल्या दोन ओळी विसरल्या तर मोठं झालेलं चित्र चौकटीबाहेर सरकतं आणि पानाचा वरचा-डावा भाग कापला जातो. चित्र अर्धवट दिसलं तर तेच तपासा.

तिपटीहून जास्त केल्याने मला कधी फायदा दिसलेला नाही. मोठं करण्याने नवी माहिती येत नाही. करड्या छटांमध्ये दडलेली कड प्रोग्रामला पकडता येईल एवढी पसरते, इतकंच. यामुळेच मी आकड्यांच्या तक्त्यासाठी शिकवलेल्या नेटवर्कवर चालणारं सुपर-रिझोल्यूशन वापरत नाही. ते पुसट खुणेच्या जागी त्याला संभाव्य वाटणारी सुबक रेघ काढून देतं. फोटोतल्या झाडाच्या पानांना ते चालतं, पण 3 आणि 8 मधला निर्णय त्याने घेतलेला आपल्याला कळतही नाही. क्युबिकने मोठा केलेला संशयास्पद अंक संशयास्पदच दिसतो, आणि मला तेच हवं असतं.

आता रेघा. २१५ च्या आसपास थ्रेशोल्ड लावून काळी-पांढरी प्रत करा. मात्र १४०-२४० चा पट्टा ताणला असेल तर ही सीमाही त्याबरोबर सरकते, १९० च्या जवळ जाते. ही प्रत उलटी करून, म्हणजे शाई पांढरी आणि कागद काळा करून, तिच्यावर १२० पिक्सेल लांब आणि १ पिक्सेल जाड आडव्या पट्टीने `MORPH_OPEN` चालवा: तेवढी सलग लांबी नसलेलं सगळं पुसलं जातं आणि फक्त आडव्या रेघा उरतात. उभ्या रेघांसाठी पट्टी उभी, मात्र ओळीच्या उंचीएवढी आखूड. कोन नीट काढला होता का याची परीक्षाही इथेच होते. अर्ध्या अंशाची चूक राहिली असेल तर १२० पिक्सेलमध्ये रेघ एका पिक्सेलने सरकते आणि बारीक रेघांचे तुकडे पडतात. तुकडे दिसले तर पट्टी आखूड करण्याआधी कोनाकडे परत जा.

आडव्या आणि उभ्या रेघा जिथे छेदतात तिथून घरांचे कोपरे मिळतात. घर कापताना कडेचे ४-५ पिक्सेल आत सोडा, म्हणजे रेघ आत येत नाही. उजवीकडे आलेली उभी रेघ ओसीआर बिनदिक्कत 1 म्हणून वाचतं. रेघा आधी चित्रातून पुसून टाकणं मला पटत नाही, कारण दाटीवाटीच्या तक्त्यात अंकाचं बूड रेघेला चिकटलेलं असतं आणि रेघेबरोबर तेही जातं. कापलेल्या तुकड्याभोवती १०-१५ पिक्सेलची पांढरी पट्टी जोडा, कडेला भिडलेला अंक टेसरॅक्ट नीट वाचत नाही. मग एकेक घर वेगळं वाचा:

```
tesseract ghar.png - --psm 7 --dpi 300 -c tessedit_char_whitelist=0123456789.-
```

`--psm 7` म्हणजे चित्रात एकच ओळ आहे असं सांगणं. पूर्ण पान एकदम दिलं की प्रोग्राम पानाची मांडणी स्वतः ओळखायला जातो, आणि तुमच्या ओळी मिसळण्याचं दुसरं कारण ते आहे. यादीत `-` मुद्दाम ठेवलाय, 'नोंद नाही' यासाठी छापलेली आडवी रेघ अंकात बदलू नये म्हणून.

प्रत्येक घर मी दोनदा वाचतो: एकदा करड्या `big` वरून, एकदा थ्रेशोल्ड लावलेल्या प्रतीवरून. माझ्या पानात लेबलांचा रकाना सोडला तर आकड्यांचे पाच रकाने, सहावा आडव्या बेरजेचा, आणि शेवटची ओळ उभ्या बेरजांची. दोन वाचनं जिथे जुळली नाहीत ती घरं मूळ चित्र आठपट करून, `INTER_NEAREST` ने, डोळ्यांनी पाहिली. नंतर बेरजा लावल्या, आणि दोन्ही वाचनांत सारख्याच चुकलेल्या जागा तिथे सापडल्या. तक्त्यातले अंक जसे छापले होते तसेच देतो.

अकराव्या ओळीत वाचन आलं: 412, 188, 267, 95, 304, आणि छापील बेरीज 1216. पाच आकड्यांची बेरीज येते 1266, म्हणजे 50 जास्त. उभ्या बेरजा पाहिल्या तर दुसरा रकानाही बरोबर 50 नेच जास्त होता. ही ओळ आणि हा रकाना छेदतात ते घर 188 चं. फरक 50, म्हणजे दशकस्थानचा अंक 5 ने मोठा वाचला गेलाय, आणि 8 पेक्षा 5 ने लहान अंक 3. मूळ आकडा 138. आठपट चित्रात त्या अंकाची डावी बाजू खरोखरच उजवीपेक्षा फिकट होती. फरकाचा आकडाच चुकीची जात सांगतो: 5 म्हणजे 3 आणि 8, 2 म्हणजे बहुधा 6 आणि 8, 6 म्हणजे 1 आणि 7. फरक यांपैकी कशातच बसत नसेल तर अंक चुकलेला नसून गळलेला किंवा शेजारच्या घरातून आलेला असू शकतो.

सतराव्या ओळीत गोष्ट वेगळी होती. पाच आकड्यांची बेरीज 1019, छापील बेरीज वाचली गेली 1079. पण पाचही रकान्यांच्या उभ्या बेरजा बिनचूक जुळत होत्या, आणि बेरजेचा सहावा रकानाच 60 ने जास्त भरत होता. म्हणजे आकडे ठीक, बेरजेच्या घरातला 1 हा 7 वाचला गेला.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. एकाच ओळीत एक चूक वर आणि तेवढीच खाली गेली तर ओळ जुळते, पण तेव्हा दोन रकाने विस्कटतात, त्यामुळे दोन्ही दिशा पाहायच्याच. अहवाल छापतानाच बेरीज चुकलेली असू शकते, विशेषतः जुन्या, हाताने जुळवलेल्या मजकुरात. आणि दशांश आकडे पूर्णांकित करून छापलेले असतील तर शेवटच्या स्थानी एक-दोनचा फरक स्वाभाविक आहे, तो दुरुस्त करायला जाऊ नका. बेरजाच नसलेल्या तक्त्यात ही वाट बंद असते. तिथे लागोपाठच्या नोंदींचा क्रम किंवा दुसऱ्या अहवालातली तीच नोंद शोधावी लागते.

हे सगळं किती लहान अंकापर्यंत चालतं? अंकाची उंची ६ पिक्सेलपर्यंत आली (७२ डीपीआयला ८ पॉइंट छपाई साधारण तेवढी असते) की 3 आणि 8 मधली मोकळी जागा एका पिक्सेलहून लहान होते आणि जेपीईजी ती पार बुजवतं. आठपट चित्रात शेजारी शेजारी दोन अंक पाहून तुमच्या डोळ्यांना फरक सांगता येत नसेल, तर कोणतीही सफाई तो परत आणणार नाही. मूळ कागद तुमच्याकडे नाही, त्यामुळे अशी घरं रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि जे अंक तुम्ही बेरजेवरून ठरवले, त्यांच्या शेजारी वेगळ्या रकान्यात तशी नोंद करा, ओसीआरने काय वाचलं होतं त्यासकट. माझ्या पानात १४४ आकड्यांपैकी ११ घरांपुढे अशी नोंद आहे, आणि तक्ता पुढे वापरणाऱ्याने सगळ्यांत आधी त्याच ११ घरांबद्दल विचारलं.